यादीत २३ बाजार समित्या, तरी दर्यापूर गायब: पेजिनेशन, सॉर्टिंग आणि फिल्टर कसं तपासायचं?

शॉपिंग अ‍ॅप, रेल्वेची यादी, रिझल्ट, बाजारभाव, काहीही उघडा, फोनवर आपण दिवसभर लांबच लांब याद्याच सरकवत असतो. अशी यादी अर्धवट दिसली तर आपल्याला कळेल का? मला तर कळलं नव्हतं, आणि यादी मीच बनवली होती.

झालं असं. अमरावतीला असताना मी आणि एका मित्राने मिळून घरच्यांसाठी सोयाबीनचे भाव दाखवणारं एक छोटं अ‍ॅप बनवलं. अमरावती, अकोला आणि वाशिम या तीन जिल्ह्यांतल्या २३ बाजार समित्या, त्यांचा त्या दिवसाचा सर्वसाधारण दर, आणि वर एक बटण: 'जास्त भाव आधी'. बस्स. काही दिवसांनी मामांचा फोन आला. ते दर्यापूरजवळ राहतात.

"काऊन रे, आपलं दर्यापूर दिसूनच नाही रायलं तुह्या यादीत? म्या तर बाजार बंद आहे समजून माल मूर्तिजापूरला नेला!"

मी लॅपटॉपवर उघडून पाहिलं, तर दर्यापूर होतं. भावही बरोबर होता, मूर्तिजापूरइतकाच. म्हटलं, "मामा, दिसतंय ना, नीट पाहा." मामा म्हणाले, "म्या शेवटपर्यंत पाह्यलं बाबू. दोनदा." आणि मामांचंच खरं होतं. टेम्पोचं भाडं फुकट गेलं, ते माझ्या कोडमुळे.

या लेखात हा बग नेमका काय होता ते पाहू, आणि अशा लांब यादीची तपासणी कशी करायची तेही समजून घेऊ. (खालचे भाव समजायला सोपे जावेत म्हणून घेतलेले आहेत, ते कुठल्याही खऱ्या दिवसाचे नाहीत.)

## आधी तीन शब्द

पेजिनेशन म्हणजे मोठी यादी एकदम न आणता तुकड्यांत आणणं. कधी खाली १, २, ३ असे पानांचे आकडे असतात, कधी 'आणखी पाहा' असं बटण असतं, तर कधी आपण खाली सरकवत गेलो की पुढचा तुकडा आपोआप येतो. दिसायला वेगळं असलं तरी आत एकच गोष्ट चालते: फोन सर्व्हरला म्हणतो, 'पुढचे पाच दे.'

सॉर्टिंग म्हणजे क्रम लावणं, जसं जास्त भाव आधी. फिल्टर म्हणजे गाळणं, जसं फक्त अकोला जिल्हा.

तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या तर बहुतेक वेळा व्यवस्थित चालतात. गडबड होते ती त्या एकत्र आल्यावर. म्हणूनच ती पटकन सापडत नाही.

## दर्यापूर गेलं कुठं?

फोनवरच्या आमच्या अ‍ॅपमध्ये एका वेळी ५ नोंदी यायच्या. सर्व्हरवर लिहिलेली क्वेरी अशी होती:

```sql
SELECT id, market, rate
FROM rates
WHERE crop = 'soybean'
ORDER BY rate DESC
LIMIT 5 OFFSET 5;
```

म्हणजे सोयाबीनच्या नोंदी घे, भावाप्रमाणे उतरता क्रम लाव, पहिल्या ५ सोड आणि पुढच्या ५ दे. हे झालं दुसरं पान. पहिल्या पानासाठी `OFFSET 0`, तिसऱ्यासाठी `OFFSET 10`. वाचायला अगदी बरोबर वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

आता त्या दिवशीच्या यादीचा वरचा भाग पाहा:

| क्रम | बाजार समिती | दर (रु. प्रति क्विंटल) |
|---|---|---|
| १ | वाशिम | ४,७५० |
| २ | अकोला | ४,७२५ |
| ३ | कारंजा | ४,७०० |
| ४ ते ७ | अमरावती, अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर | ४,६५० |
| ८ | रिसोड | ४,६२५ |

चार बाजार समित्यांचा भाव सारखाच आहे. याला टाय म्हणतात. आणि हा टाय नेमका पानाच्या सीमेवर आलाय: चौथी आणि पाचवी नोंद पहिल्या पानावर, सहावी आणि सातवी दुसऱ्या पानावर. मग या चौघांपैकी पहिल्या पानावर कोण आणि दुसऱ्यावर कोण? आमच्या क्वेरीने हे सांगितलंच नव्हतं. तिने फक्त 'भावाप्रमाणे लाव' एवढंच सांगितलं. भाव सारखा असेल तर डेटाबेस त्या नोंदी कुठल्याही क्रमाने देऊ शकतो, आणि तो दर वेळी तोच क्रम देईल असंही नाही. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या दोन्ही डेटाबेसच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये ही सूचना लिहिलेली आहे.

क्रम बदलतो कशामुळे? प्रत्येक पान ही डेटाबेससाठी एक नवीन, स्वतंत्र क्वेरी असते. पहिल्या पानाला वरचे ५ च हवे असतात, म्हणून तो अख्खी यादी न लावता वरचे ५ तेवढे वेचून काढू शकतो. दुसऱ्या पानाला वरचे १० लागतात, शेवटच्या पानाला जवळपास सगळी यादी लावावी लागते. काम करायची पद्धत बदलली की सारख्या भावाच्या नोंदींची आपापसातली जागा बदलू शकते. मागच्या पानावर आपण काय दाखवलं होतं, हे त्याला आठवत नाही.

मामांच्या फोनवर हेच झालं. पहिल्या पानाच्या वेळी चौघांचा क्रम लागला: अमरावती, अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर. म्हणून पहिल्या पानावर अमरावती आणि अकोट आले. दुसऱ्या पानाच्या वेळी क्रम लागला: दर्यापूर, अमरावती, मूर्तिजापूर, अकोट. त्यातले पहिले दोन 'आधीच दाखवले' असं समजून सोडले गेले, आणि दुसऱ्या पानावर आले मूर्तिजापूर आणि अकोट.

हिशेब करून पाहा. अकोट दोनदा आलं. दर्यापूर एकदाही नाही. आणि एकूण नोंदी? बरोबर २३! एक जास्त, एक कमी, त्यामुळे बेरीज जुळली. वर 'एकूण २३' लिहिलेलं, यादीतही २३ ओळी. मोजणाऱ्याला शंका यायचं कारणच नाही.

## मग माझ्या लॅपटॉपवर का दिसलं?

कारण लॅपटॉपवर एका पानावर १० नोंदी होत्या. चौथी ते सातवी नोंद हा अख्खा टाय पहिल्याच पानाच्या पोटात बसला. सीमा गेली दहाव्या आणि अकराव्या नोंदीच्या मध्ये, आणि तिथे दोघांचे भाव वेगळे होते. चौघे आपसात कसेही उलटसुलट झाले तरी चौघेही दिसतच होते.

म्हणजे टाय असणं एवढ्याने बग दिसत नाही, तो पानाच्या सीमेवर यावा लागतो. तपासताना आपण हे मुद्दाम घडवून आणायचं असतं. पानावर ५ नोंदी असतील तर सारख्या किमतीच्या नोंदी चौथ्या ते सातव्या जागेवर येतील असाच चाचणीचा डेटा बनवायचा. नशिबावर सोडलं तर हा बग तुम्हाला भेटणार नाही, तो मामांनाच भेटेल.

आणि टाय ही काही क्वचित होणारी गोष्ट नाही. बाजारात भाव बरेचदा गोल आकड्यातच बोलला जातो. त्याहून टोकाचं उदाहरण म्हणजे हमीभाव. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, तो सगळीकडे सारखाच. खरेदी केंद्रांची यादी हमीभावाप्रमाणे सॉर्ट केली, तर अख्खी यादीच एक टाय होईल!

## उपाय: बरोबरी कशी सोडवायची ते आधीच ठरवा

ज्यांनी एमएचटी-सीईटी दिली आहे त्यांना हे पटकन कळेल. तिथे पर्सेंटाइल दशांशानंतर सात आकड्यांपर्यंत देतात. तरीही दोघांचा पर्सेंटाइल सारखा येऊ शकतो, म्हणून इंजिनिअरिंगच्या मेरिट लिस्टसाठी नियम ठरलेला असतो: आधी गणिताचा पर्सेंटाइल पाहा, तोही सारखा असेल तर फिजिक्सचा, आणि असंच पुढे. कोणाचा नंबर वर, हे यादी छापणाऱ्याच्या मर्जीवर सोडत नाहीत.

क्वेरीलाही तसाच नियम द्यायचा. भाव सारखा असेल तर काय, याचं उत्तर द्यायचं, आणि ते अशा गोष्टीवर संपवायचं जी दोन नोंदींमध्ये कधीच सारखी नसते:

```sql
ORDER BY rate DESC, id ASC
```

`id` प्रत्येक नोंदीचा वेगळा असतो, त्यामुळे आता क्रमाची एकच शक्यता उरते. पान पाचचं असो की दहाचं, क्वेरी आज करा की उद्या, डेटा तोच असेल तर क्रमही तोच. बाजार समितीचं नाव टाय सोडवायला घेतलं असतं तर? वाचणाऱ्याला ते छान दिसतं, पण नावावर थांबू नका. मालेगाव वाशिम जिल्ह्यात आहे तसं नाशिक जिल्ह्यातही आहे. म्हणून भाव, मग नाव, आणि सगळ्यात शेवटी `id`.

इथे एक गंमत सांगतो. काही वेळा सॉर्टिंग सर्व्हरवर नाही, तर ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने होतं. २०१८ मध्ये क्रोम ७० येईपर्यंत त्याच्या इंजिनमध्ये १० पेक्षा जास्त नोंदी असल्या की सारख्या किमतीच्या नोंदींची जागा बदलू शकत होती, पण १० किंवा कमी असल्या तर बदलत नव्हती. आता विचार करा, चाचणीसाठी आपण किती नोंदी टाकतो? चार-पाच! म्हणजे चाचणीत सगळं ठीक आणि खऱ्या डेटावर गडबड. हा विशिष्ट प्रश्न आता सुटला आहे, पण धडा तोच राहतो: लांब यादी तपासायची तर चाचणीची यादीही पानात न मावणारी हवी.

## शेवटचं पान: ३ ओळींची किंमत

२३ नोंदी, पानावर ५. पानं किती? चार पूर्ण भरलेली आणि पाचवं तीन नोंदींचं. म्हणजे पाच. पण कॉटलिन किंवा जावामध्ये `23 / 5` लिहिलं तर उत्तर ४ येतं, कारण पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उरलेलं टाकून दिलं जातं. मग पाचवं पान बनतच नाही आणि शेवटच्या तीन बाजार समित्या कोणालाच दिसत नाहीत. 'जास्त भाव आधी' लावलेलं असल्याने त्या सगळ्यात कमी भावाच्या असतात, म्हणून कोणी तक्रारही करत नाही. बरोबर हिशेब असा:

```kotlin
val pages = (total + size - 1) / size
```

(२३ + ५ − १) म्हणजे २७, भागिले ५, उत्तर ५. आणि नोंदी नेमक्या २० असतील तर २४ भागिले ५, उत्तर ४. दोन्हीकडे जुळतं.

शेवटचं पान तपासताना २३ सारखा एकच आकडा घेऊन भागत नाही. पान भरायच्या एक आधी, नेमकं भरल्यावर आणि एक नंतर, असे तिन्ही आकडे घ्यायचे:

| एकूण नोंदी | पानं | शेवटच्या पानावर |
|---|---|---|
| ० | ० | काहीच नाही, 'नोंदी नाहीत' असा संदेश |
| १ | १ | १ |
| ४ | १ | ४ |
| ५ | १ | ५ |
| ६ | २ | १ |
| २० | ४ | ५ |
| २३ | ५ | ३ |

यातली २० ची ओळ सगळ्यात जास्त फसवते. बरीच अ‍ॅप्स असा अंदाज लावतात: 'मागितले पाच, आले पाच, म्हणजे पुढे अजून असणार.' चौथ्या पानावर पूर्ण पाच आले, म्हणून 'आणखी पाहा' बटण तसंच राहतं. दाबलं की गोल गोल फिरणारं चक्र, आणि मग काहीच नाही. वापरणाऱ्याला वाटतं नेट गेलं. यावर सोपा उपाय म्हणजे पाच दाखवायचे असतील तर सर्व्हरकडे सहा मागायचे. सहावा आला तर पुढे अजून आहेत, तो दाखवायचा नाही, फक्त बटण ठेवायचं. सहावा आलाच नाही तर यादी संपली.

अजून एक प्रसंग: २१ नोंदी आहेत, तुम्ही पाचव्या पानावर एकटी नोंद पाहताय, आणि तेवढ्यात ती नोंद काढली गेली. आता पाचवं पान अस्तित्वातच नाही. रिफ्रेश केल्यावर रिकामा स्क्रीन न दाखवता अ‍ॅपने चौथ्या पानावर न्यायला हवं.

## पानाचा आकार बदलला तर?

फोनवर हा पर्याय सहसा दिसत नाही, पण वेबसाइटवर किंवा टॅबवर 'प्रत्येक पानावर ५ / १० / २०' असं असतंच. समजा तुम्ही ५ च्या हिशेबाने चौथ्या पानावर आहात, म्हणजे १६ ते २० क्रमांकाच्या नोंदी समोर आहेत. आता १० निवडलं. अ‍ॅपने फक्त आकार बदलला आणि पान चारच ठेवलं, तर ते ३१ ते ४० क्रमांकाच्या नोंदी शोधायला जाईल. आपल्याकडे आहेत २३. स्क्रीन कोरा!

इथे दोन वागणुका चालतात. एक, सरळ पहिल्या पानावर नेणं. दुसरी, जी मला जास्त आवडते, ती म्हणजे समोर जी पहिली नोंद होती ती दिसत राहील अशा पानावर नेणं. हिशेब सोपा आहे. चौथ्या पानाच्या आधी ३ × ५ म्हणजे १५ नोंदी होऊन गेल्या. १५ भागिले १०, पूर्णांक १, त्यात १ मिळवा, म्हणजे दुसरं पान. त्यावर ११ ते २० नोंदी आहेत, आणि आपली सोळावी त्यात आहे. जमलं. आता २० निवडून पाहा: १५ भागिले २०, पूर्णांक ०, अधिक १, म्हणजे पहिलं पान. तेही बरोबर.

तपासताना पहिल्या पानावर उभं राहून आकार बदलू नका, तिथे बग दिसतच नाही. शेवटच्या पानावर जा आणि मग बदला. आकार वाढवूनही पाहा आणि कमी करूनही.

## फिल्टर: आधी गाळा, मग पानं पाडा

आता तिसऱ्या पानावर असताना 'अकोला जिल्हा' हा फिल्टर लावा. आमच्या यादीत अकोल्याच्या ७ बाजार समित्या होत्या: अकोला, अकोट, बाळापूर, बार्शीटाकळी, मूर्तिजापूर, पातूर आणि तेल्हारा. सात म्हणजे दोन पानं, ५ आणि २. अ‍ॅप तिसऱ्याच पानावर अडकून राहिलं तर ते म्हणेल, 'कोणतीही नोंद सापडली नाही.' सात समित्या असताना! म्हणून फिल्टर किंवा सॉर्ट बदलला की पान नेहमी पहिलं व्हायला हवं.

याहून वाईट चूक म्हणजे जे पान फोनवर आलंय तेवढंच गाळणं. वरच्या यादीत पहिल्या पानावर वाशिम, अकोला, कारंजा आणि टायमधले दोघे आहेत. अमरावती आणि अकोट आले असं धरा. त्यावर अकोल्याचा फिल्टर लावला तर अकोला आणि अकोट एवढे दोनच उरतात, बाकीचे पाच पुढच्या पानांवर पडून राहतात. ही चूक ओळखायची खूण अशी: फिल्टर लावल्यावर मधल्याच पानांवर कुठे दोन, कुठे एक, कुठे शून्य नोंदी दिसतात. योग्य यादीत फक्त शेवटचं पान अपुरं असू शकतं, मधलं कधीच नाही. आणि वरचा 'एकूण' आकडा फिल्टरनंतर २३ वरून ७ झालाच पाहिजे.

फिल्टर तपासायचा एक पक्का मार्ग आहे. तिन्ही जिल्हे एकेक करून लावा आणि नोंदी मोजा. आमच्याकडे अमरावती १०, अकोला ७, वाशिम ६. बेरीज २३. एखादी नोंद कुठल्याच जिल्ह्यात नसेल, किंवा दोन जिल्ह्यांत मोजली गेली असेल, तर इथे बरेचदा पकडली जाते. पण बरेचदाच, नेहमी नाही. एक जास्त आणि एक कमी असा खेळ इथेही होऊ शकतो, म्हणून नावंही पाहा.

## सॉर्टिंगमधल्या दोन खोड्या

पहिली खोडी: आकडा अक्षरांसारखा लावणं. तुरीचा भाव एका ठिकाणी ९,८०० आणि दुसरीकडे १०,२०० असेल, आणि डेटाबेसमध्ये भाव मजकूर म्हणून साठवलेला असेल, तर 'जास्त भाव आधी' मध्ये ९,८०० वर येतं. मजकुराची तुलना पहिल्या अक्षरापासून होते, आणि ९ हा १ पेक्षा मोठा. सोयाबीनच्या यादीत सगळेच आकडे चार अंकी असल्याने ही चूक लपून राहते. म्हणून चाचणीच्या डेटात चार अंकी आणि पाच अंकी असे दोन्ही भाव ठेवा.

दुसरी खोडी: भावच नसणं. एखाद्या दिवशी एखाद्या समितीत आवक नसते, मग दराची जागा रिकामी असते. ही रिकामी जागा कुठे लावायची? पोस्टग्रेस तिला सगळ्यात मोठी मानतो, म्हणून उतरत्या क्रमात ती सगळ्यात वर येते. मायएसक्यूएल तिला सगळ्यात लहान मानतो. म्हणजे पोस्टग्रेसवर 'जास्त भाव आधी' दाबलं की सगळ्यात वर त्या समित्या, जिथे आज बाजारच झाला नाही! पोस्टग्रेसमध्ये `NULLS LAST` लिहून हे सुधारतं. आणि लक्षात आलं का, रिकाम्या जागाही आपसात सारख्याच, म्हणजे हाही एक टायच झाला.

## एक चाचणी, जी दर्यापूर शोधते

आता मुख्य गोष्ट. हाताने पानं चाळत बसायची गरज नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी पानं फिरायची, प्रत्येक नोंदीचा `id` गोळा करायचा आणि मूळ यादीशी ताडून पाहायचा. पायथॉनमध्ये एवढंच:

```python
for size in [1, 2, 5, 10, 22, 23, 24]:
    seen = []
    for page in range(1, 100):
        rows = get_page(page, size)
        if not rows:
            break
        seen += [r["id"] for r in rows]

    assert len(seen) == len(set(seen)), "repeat"
    assert set(seen) == set(all_ids), "missing"
```

`get_page` म्हणजे सर्व्हरकडून एक पान आणणारं तुमचं फंक्शन, आणि `all_ids` म्हणजे चाचणीसाठी तुम्हीच टाकलेल्या २३ नोंदींचे `id`. पहिली `assert` ओळ विचारते: एखादी नोंद दोनदा आली का? तिथे अकोट पकडलं जातं. दुसरी विचारते: एखादी राहिली का? तिथे दर्यापूर सापडतं. नुसतं `len(seen) == 23` तपासलं असतं, तर माझा बग आरामात पास झाला असता.

आकार असे का निवडले? २३ म्हणजे अख्खी यादी एका पानात नेमकी मावते. २२ घेतलं तर शेवटच्या पानावर एकच नोंद उरते, २४ घेतलं तर पान भरतच नाही. आकार १ घेतला की प्रत्येक दोन नोंदींच्या मध्ये सीमा येते, त्यामुळे टाय कुठेही असला तरी सीमेवर सापडतोच. आणि `range(1, 100)` ची मर्यादा यासाठी, की काही सर्व्हर यादी संपल्यावर रिकामं न देता शेवटचंच पान पुन्हा पुन्हा देतात. मर्यादा नसती तर चाचणी कधी थांबलीच नसती. आता ती थांबते आणि पहिली `assert` ओरडते.

एक सावधगिरी मात्र हवी. ही चाचणी पास झाली म्हणजे टायचा प्रश्न नाहीच, असं समजू नका. डेटाबेस त्या दिवशी योगायोगाने सारखाच क्रम देऊ शकतो. म्हणून क्वेरीच्या शेवटी `id` आहे की नाही, हे डोळ्यांनीही पाहायचं.

आणि या उपायाची एक मर्यादाही आहे. तुम्ही यादी सरकवत असतानाच नवीन भाव आला तर काय? पहिलं पान पाहून झालं, तेवढ्यात वर एक नवीन नोंद घुसली. सगळे एक घर खाली सरकले, आणि पहिल्या पानाची शेवटची नोंद दुसऱ्या पानावर पुन्हा दिसली. वरची एखादी नोंद निघून गेली तर उलटं होतं, एक नोंद न दिसताच सुटते. `id` लावून हे थांबत नाही, कारण इथे यादीच बदलली आहे. अशा वेळी 'पहिल्या ५ सोड' असं न सांगता 'मी शेवटची जी नोंद पाहिली, तिच्या पुढच्या ५ दे' असं सांगतात. याला कर्सर पद्धत म्हणतात. पण तिलाही भाव आणि `id` दोन्ही द्यावे लागतात. नुसतं '४,६५० पेक्षा कमी भावाच्या दे' म्हटलं, तर सीमेवरचे उरलेले ४,६५० वाले परत गायब!

## तुमच्या फोनवर करून पाहा

कोड येत नसेल तरी हरकत नाही. एखादी यादी 'कमी किंमत आधी' लावा आणि पानांच्या सीमेवर सारख्या किमतीच्या वस्तू शोधा. एखादी वस्तू थोड्या अंतराने पुन्हा दिसली, तर तिच्या बदल्यात दुसरी कुठलीतरी राहिली असायची शक्यता आहे. (जाहिरात म्हणून पुन्हा दाखवलेली वस्तू यात धरू नका, तिच्यावर तसं लिहिलेलं असतं.) मग शेवटच्या पानावर जाऊन फिल्टर लावा आणि काय दिसतं ते पाहा. बग सापडला तर तक्रारीत चार गोष्टी नक्की लिहा: कुठला सॉर्ट होता, कुठला फिल्टर, पानावर किती नोंदी, आणि कोणती नोंद दोनदा दिसली किंवा दिसलीच नाही. नुसतं 'यादी नीट येत नाही' लिहिलं, तर समोरचा माझ्यासारखाच लॅपटॉप उघडेल आणि म्हणेल, 'माझ्याकडे तर दिसतंय.'

मामांना मी नंतर सगळं समजावून सांगितलं. टाय, सीमा, क्वेरी, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे भाव सारखा होता म्हणून आमचं गाव खाल्लं तुह्या कंप्युटरनं?"

हो मामा. अगदी तसंच.